चार वाजले, चार वाजता : स्पॅनिश भाषेत वेळ आणि तारीख ठरवताना

स्पॅनिश भाषेत घड्याळाची वेळ सांगताना आकड्याच्या आधी एक स्त्रीलिंगी उपपद येते, आणि हे उपपद ‘ओरा’ म्हणजे तास या अध्याहृत स्त्रीलिंगी नामाचे असते. एक वाजला असेल तर ‘एस ला उना’ म्हणतात, दोन किंवा त्यापुढचा कोणताही तास असेल तर ‘सोन लास दोस’, ‘सोन लास त्रेस’ असे म्हणतात. ‘एस’ हे ‘असणे’ या क्रियापदाचे एकवचन आहे आणि ‘सोन’ हे त्याचेच अनेकवचन. त्याचप्रमाणे ‘ला’ हे उपपदाचे एकवचन आणि ‘लास’ हे अनेकवचन. भारतात स्पॅनिश शिकणारे बहुतेक विद्यार्थी इंग्रजीच्या माध्यमातून शिकतात, आणि इंग्रजीत एक वाजला काय किंवा अकरा वाजले काय, क्रियापद बदलत नसल्यामुळे हा वचनभेद त्यांना एक नवा, पाठ करावा लागणारा नियम वाटतो. वास्तविक ज्याची मातृभाषा मराठी आहे त्याने हा नियम लहानपणीच आत्मसात केलेला असतो, कारण मराठीतही एक ‘वाजला’ आणि चार ‘वाजले’ असेच म्हणतात. हे साम्य अपूर्णांकांतही टिकते. दीड ‘वाजला’ तसे ‘एस ला उना इ मेदिया’, अडीच ‘वाजले’ तसे ‘सोन लास दोस इ मेदिया’. इतकेच नव्हे, तर पाऊण ‘वाजला’ हे मराठी एकवचनही स्पॅनिशमध्ये ‘एस ला उना मेनोस क्वार्तो’ असे एकवचनीच उतरते, जरी त्या क्षणी घड्याळात बारा वाजून पंचेचाळीस मिनिटे झालेली असली तरी.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय मर्यादित आहे. भेट, बैठक किंवा दवाखान्यातली वेळ ठरवताना स्पॅनिशमध्ये वेळ, वार, महिना आणि तारीख तोंडाने कशी सांगावी आणि कानाने कशी ओळखावी, एवढाच तो आहे. लिहिलेली वेळ डोळ्यांना दिसते आणि पुन्हा वाचता येते. टेलिफोनवर ऐकलेली वेळ मात्र एकदाच कानावर पडते, आणि ती चुकीची टिपली गेली तर ती चूक भेटीच्या दिवसापर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून इथे व्याकरणापेक्षा श्रवणाला अधिक जागा दिली आहे. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना काही तडजोडी अटळ आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात काही शब्दांतला ‘स’ जीभ दातांमध्ये धरून, थकारासारखा उच्चारला जातो, तर लॅटिन अमेरिकेत आणि दक्षिण स्पेनच्या मोठ्या भागात त्याचा साधा ‘स’ होतो. इथे सर्वत्र ‘स’ लिहिला आहे, कारण तो दोन्हीकडे समजतो. ‘नोचे’ या शब्दातला ‘चे’ मात्र ‘त्याचे’ या शब्दातल्याप्रमाणे न उच्चारता ‘चेहरा’ या शब्दातल्याप्रमाणे उच्चारावा, ही सूचना मराठी वाचकालाच द्यावी लागते.

नियोजनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भेद हा ‘किती वाजले’ आणि ‘किती वाजता’ यांतला आहे. ‘सोन लास क्वात्रो’ म्हणजे चार वाजले. ‘आ लास क्वात्रो’ म्हणजे चार वाजता. मराठीत जे काम ‘वाजले’चे ‘वाजता’ केल्याने होते, ते स्पॅनिशमध्ये क्रियापद गाळून त्या जागी ‘आ’ हे शब्दयोगी ठेवल्याने होते, आणि एकाच्या बाबतीत ते ‘आ ला उना’ असे होते. प्रश्नातही हाच भेद पाळला जातो: आत्ताची वेळ विचारताना ‘के ओरा एस’, आणि भेटीची वेळ विचारताना ‘आ के ओरा’. लॅटिन अमेरिकेत ‘के ओरास सोन’ असा अनेकवचनी प्रश्नही सर्रास ऐकू येतो. नवशिका विद्यार्थी भेटीची वेळ सांगताना हा ‘आ’ विसरतो आणि नुसते ‘लास क्वात्रो’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला अर्थ कळतो खरा. पण तो ‘सोन लास क्वात्रो’ म्हणतो तेव्हा पलीकडची व्यक्ती क्षणभर घड्याळाकडे पाहते.

पाव तासाची मोजणी हे या विषयाचे खरे हृदय आहे. स्पेनमध्ये पूर्ण तासानंतरचा पाव तास ‘इ क्वार्तो’ म्हणजे ‘आणि चतुर्थांश’ असा सांगतात, अर्धा तास ‘इ मेदिया’ म्हणजे ‘आणि अर्धा’ असा, आणि पुढच्या तासाला पाव तास कमी असेल तर ‘मेनोस क्वार्तो’ म्हणजे ‘उणे चतुर्थांश’ असे म्हणतात. सव्वाचार म्हणजे ‘लास क्वात्रो इ क्वार्तो’, साडेचार म्हणजे ‘लास क्वात्रो इ मेदिया’ आणि पावणेपाच म्हणजे ‘लास सिंको मेनोस क्वार्तो’. सव्वा, साडे आणि पावणे या तीन मराठी उपसर्गांशी ही तीन रूपे एकास एक जुळतात, आणि ‘पावणे’ हा उपसर्ग येणाऱ्या तासाला लागतो, गेलेल्या तासाला नाही, ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. एक फरक तेवढा आहे: मराठीत पाव किंवा अर्धा आधी उच्चारला जातो आणि तास मागून येतो, स्पॅनिशमध्ये तास आधी येतो आणि अपूर्णांक मागून. त्यामुळे ‘लास सिंको…’ एवढे ऐकून ज्याने पाच लिहिले आणि पुढचे ‘मेनोस क्वार्तो’ ऐकले नाही, त्याची नोंद पाव तासाने चुकते. स्पॅनिश ऐकताना आकडा ऐकूनही लेखणी थांबवून धरावी लागते. मराठीत ‘पावणे’ हा शब्दच आधी सावध करतो.

लॅटिन अमेरिकेच्या पुष्कळ भागांत ‘मेनोस’ फारसे वापरात नाही. मेक्सिकोत किंवा चिलीत पावणेपाच सांगताना ‘क्वार्तो पारा लास सिंको’ किंवा ‘उन क्वार्तो पारा लास सिंको’ असे म्हणतात, आणि पाचाला दहा मिनिटे कमी असतील तर ‘द्येस पारा लास सिंको’, किंवा सावकाश बोलणारा असेल तर ‘फाल्तान द्येस पारा लास सिंको’, म्हणजे ‘पाचसाठी दहा उणी आहेत’. ही रचना ‘पाच वाजायला दहा मिनिटे कमी आहेत’ या मराठी वाक्याच्या इतकी जवळ आहे, की मेक्सिकोशी व्यवहार करणाऱ्या मराठी माणसाने ती पाठ करण्याऐवजी फक्त ओळखावी. स्पेनमधल्या रूपात आणि या रूपात शब्दक्रम उलटा असला तरी दोन्ही रूपे दोन्हीकडे समजतात, त्यामुळे बोलताना कोणतेही एक वापरले तरी चालते. ऐकताना मात्र दोन्ही यायला हवीत.

आता प्रत्यक्ष ध्वनीकडे पाहावे लागते, कारण इथे मराठीची मदत संपते. चार या संख्येचा शब्द ‘क्वात्रो’ आहे आणि पाव तासाचा शब्द ‘क्वार्तो’. दोन्ही शब्दांत तेच ध्वनी आहेत; फक्त ‘र’ची जागा बदलते. एकात तो ‘त’ला मागून जोडलेला आहे, दुसऱ्यात तो ‘त’च्या आधी रफारासारखा येतो. देवनागरीत ‘त्रो’ आणि ‘र्तो’ हे डोळ्यांना स्वच्छ वेगळे दिसतात, आणि उच्चाराच्या सरावासाठी हे लेखन रोमन लिपीपेक्षा सोयीचे आहे; पण ‘लास क्वात्रो मेनोस क्वार्तो’ हे चार शब्द नेहमीच्या वेगाने कानावर आले, की नवख्याला त्यांत दोन चार ऐकू येतात किंवा दोन पाव. या वाक्याचा अर्थ पावणेचार. सव्वाचार म्हणजे ‘लास क्वात्रो इ क्वार्तो’, आणि दोहोंतला भेद ‘मेनोस’ आणि ‘इ’ या दोन जोडशब्दांतच साठलेला आहे, त्यातही ‘इ’ हा आधीच्या ‘ओ’ला इतका चिकटतो की तो वेगळा शब्द म्हणून ऐकूच येत नाही. यावरचा उपाय कान तीक्ष्ण करण्यापेक्षा मधल्या भागाची लांबी पाहण्याचा आहे: दोन ‘क्वा’च्या मध्ये ‘मेनोस’ची दोन अक्षरे वाजली तर पावणे, झटकन एक स्वर सरकला तर सव्वा.

दुसरी अडचण दोन आणि बारा यांची आहे. दोन म्हणजे ‘दोस’ आणि बारा म्हणजे ‘दोसे’. स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागांत ‘दोसे’मधला ‘स’ थकारासारखा असल्याने गोंधळ कमी होतो; पण लॅटिन अमेरिकेत दोहोंत फरक उरतो तो शेवटच्या ‘ए’ या एका स्वराचा. तीन आणि तेरा, म्हणजे ‘त्रेस’ आणि ‘त्रेसे’, यांचेही तसेच; ही जोडी तासांपेक्षा तारखांत अधिक छळते. त्यातच क्युबा, चिली, आंदालुसिया अशा अनेक ठिकाणी शब्दाच्या शेवटचा ‘स’ विरघळून नुसता श्वास उरतो आणि ‘लास दोस’ हे ‘ला दो’ असे ऐकू येते. दुपारी दोन की दुपारी बारा, हा संशय अर्थातच दिवसाच्या प्रहराने सुटत नाही, कारण दोन्ही भरदिवसाच्याच वेळा आहेत.

तिसरी अडचण अर्ध्या तासानंतरच्या मिनिटांची आहे. मराठीत ‘पावणे’ सोडले तर वेळ बहुधा पुढे मोजली जाते. चार वाजून पस्तीस मिनिटे हे ‘चार पस्तीस’ होते. स्पेनमधल्या रोजच्या बोलण्यात मात्र अर्धा तास ओलांडला की मोजणी उलटी फिरते, आणि चार पस्तीस हे ‘लास सिंको मेनोस बेइन्तिसिंको’ म्हणजे ‘पाच उणे पंचवीस’ असे होते. ज्याच्या कानाने ‘सिंको’ आणि ‘बेइन्तिसिंको’ हे दोन आकडे पकडले आणि मधला ‘मेनोस’ सोडला, तो वहीत पाच पंचवीस लिहितो आणि पन्नास मिनिटे उशिरा पोहोचतो. पाव तासाच्या चुकीला माफी मागता येते. पन्नास मिनिटांनंतर समोरचा माणूस बहुधा निघून गेलेला असतो.

या तिन्ही अडचणींवर एकच विश्वासार्ह तोड आहे. रोजच्या बोलण्यातली बारा तासांची पद्धत आणि रेल्वे, रुग्णालये, सरकारी कार्यालये यांच्या वेळापत्रकांतली चोवीस तासांची पद्धत अशा दोन पद्धती स्पॅनिशमध्ये शेजारी शेजारी नांदतात. चोवीस तासांच्या पद्धतीत पाव आणि अर्ध्याचे शब्द सहसा वापरत नाहीत. तास आणि मिनिटे आकड्यांतच सांगतात, आणि साडेचार हे ‘लास दिएसिसेइस त्रेइन्ता’ म्हणजे ‘सोळा तीस’ होते. म्हणून ज्या पद्धतीत वेळ ऐकली, तिच्या उलट पद्धतीत ती परत बोलून दाखवावी. ‘लास क्वात्रो मेनोस क्वार्तो’ ऐकल्यावर तेच शब्द पुन्हा उच्चारले, तर चुकीचे ऐकलेले चुकीचेच परत जाते आणि पलीकडचा माणूस ते आपल्या कानाने दुरुस्त करून होकार देतो. त्याऐवजी ‘आ लास किन्से क्वारेन्ता इ सिंको’, म्हणजे ‘पंधरा पंचेचाळीसला’, असे विचारले, तर होकार किंवा नकार खरा असतो. बारा आणि दोन यांचा संशयही याच मार्गाने मिटतो, कारण दुपारचे दोन म्हणजे ‘लास कातोर्से’ (चौदा) होतात आणि चौदाला बारा कोणी समजत नाही.

प्रहर सांगण्याची रीत थोडक्यात सांगता येते, तरी तिच्यात एक सापळा आहे. तासाबरोबर प्रहर सांगायचा असेल तर ‘दे ला’ वापरतात: ‘लास न्वेबे दे ला मान्याना’ (सकाळचे नऊ), ‘लास क्वात्रो दे ला तार्दे’ (दुपारचे चार), ‘लास द्येस दे ला नोचे’ (रात्रीचे दहा), ‘लास त्रेस दे ला माद्रुगादा’ (पहाटेचे तीन). तास न सांगता नुसता प्रहर सांगायचा असेल तर स्पेनमध्ये ‘पोर ला तार्दे’ आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात ‘एन ला तार्दे’ म्हणतात. मराठीतल्या ‘दुपारचे’ आणि ‘दुपारी’ यांच्याशी हा भेद ताडून पाहता येतो. सापळा असा की ‘मान्याना’ या एकाच शब्दाचे सकाळ आणि उद्या असे दोन अर्थ आहेत. उपपद असेल तर सकाळ, नसेल तर उद्या, आणि ‘मान्याना पोर ला मान्याना’ म्हणजे उद्या सकाळी. परवाच्या बाबतीत मात्र स्पॅनिश मराठीपेक्षा काटेकोर आहे. मराठीत ‘परवा’ मागचा की पुढचा हे क्रियापदावरून ठरते. स्पॅनिशमध्ये येणारा परवा ‘पासादो मान्याना’ आणि गेलेला परवा ‘आन्तेआयेर’ असे वेगळे शब्द आहेत.

‘तार्दे’ हा शब्द दुपार म्हणून शिकवला जातो, पण स्पेनमध्ये त्याचा पल्ला मराठी दुपारच्या बराच पुढे जातो. तिथे जेवण दोन-तीनच्या सुमारास होते, ‘मेदियोदीआ’ म्हणजे मध्यान्ह हा शब्द सैलपणे त्या जेवणाच्या वेळेपर्यंत ताणला जातो, आणि ‘तार्दे’ जेवणानंतर सुरू होऊन काळोख पडेपर्यंत चालते, त्यामुळे उन्हाळ्यात ‘लास ओचो दे ला तार्दे’ म्हणजे शब्दशः ‘दुपारचे आठ’ असे सहज म्हटले जाते. याचे एक कारण घड्याळातच आहे. स्पेनचा बराचसा भाग लंडनच्या रेखांशाच्या आसपास किंवा त्याच्याही पश्चिमेला असूनही १९४० सालापासून तिथले घड्याळ मध्य युरोपाच्या वेळेवर चालते, आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे जाते. परिणामी जूनअखेर माद्रिदमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा कोणी ‘पोर ला तार्दे’ भेटू म्हणाले, तर तास विचारल्याशिवाय ती भेट ठरली असे धरू नये. तिथल्या माणसाच्या मनात साडेसात असू शकतात.

वारांच्या नावांत मराठी वाचकाला एक जुनी ओळख भेटते. ‘लुनेस’ हा चंद्राचा, ‘मार्तेस’ मंगळाचा, ‘म्येर्कोलेस’ बुधाचा, ‘ख्वेबेस’ गुरूचा आणि ‘ब्येर्नेस’ शुक्राचा, म्हणजे सोमवार ते शुक्रवार हे पाचही दिवस त्याच ग्रहांचे आणि त्याच क्रमाने आहेत. केवळ शनिवार आणि रविवार यांच्या जागी धर्माने नावे बदलली आहेत, ‘साबादो’ हा ज्यूंच्या विश्रांतिदिनावरून आणि ‘दोमिंगो’ हा प्रभूचा दिवस म्हणून. शेजारच्या पोर्तुगीज भाषेने ग्रह टाकून देऊन सोमवार ते शुक्रवार यांना दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले, त्यामुळे गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज ऐकली गेली त्यांना ही नावे परकी वाटतात आणि पोर्तुगीज कधीही न ऐकलेल्या विदर्भातल्या माणसाला मात्र ती ओळखीची वाटू शकतात.

वार सांगताना ‘ई’ या मराठी प्रत्ययाच्या जागी स्पॅनिशमध्ये केवळ उपपद लागते: ‘एल मार्तेस’ म्हणजे मंगळवारी, ‘लोस मार्तेस’ म्हणजे दर मंगळवारी. सोमवार ते शुक्रवार यांची रूपे अनेकवचनात बदलत नाहीत, म्हणून एका बैठकीचा आणि दर आठवड्याच्या बैठकीचा भेद ‘एल’ आणि ‘लोस’ या उपपदांवरच अवलंबून राहतो, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘एस्ते ब्येर्नेस’ (हा शुक्रवार) आणि ‘एल प्रोक्सिमो ब्येर्नेस’ (पुढचा शुक्रवार) यांत मराठीतल्या ‘येत्या’ आणि ‘पुढच्या’ शुक्रवारइतकीच संदिग्धता आहे, आणि तिच्यावर तारीख जोडण्याखेरीज इलाज नाही.

आठवड्यांच्या मोजणीत दोन्ही भाषांचे साम्य सर्वांत लक्षणीय आहे, आणि इथे इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी हमखास चुकतो. स्पॅनिशमध्ये एका आठवड्याला ‘ओचो दीआस’ म्हणजे आठ दिवस आणि दोन आठवड्यांना ‘किन्से दीआस’ म्हणजे पंधरा दिवस म्हणतात, कारण पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरून मोजणी होते: या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोके धरली की आठ भरतात. मराठीत ‘आठवडा’ या शब्दातच आठ आहेत, ‘पंधरवडा’त पंधरा आहेत, आणि ‘आठ दिवसांनी या’ असे सोमवारी सांगितलेला माणूस मंगळवारी न येता सोमवारीच येतो. मेक्सिकोत ‘दे ओय एन ओचो’, शब्दशः ‘आजपासून आठात’, म्हटले की पुढच्या आठवड्याचा हाच वार समजतात. ही मोजणी बोलण्यातली आहे. स्पेनमधल्या सरकारी अर्जांच्या मुदतीत मात्र ती चालत नाही. तिथे २०१५ च्या प्रशासकीय प्रक्रियेच्या कायद्यानुसार दिवस म्हणजे सामान्यतः कामाचे दिवस, आणि त्यांतून शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळल्या जातात.

महिन्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ‘एनेरो’ (जानेवारी) सोडला तर बाकीची नावे ऐकताच ओळखू येतात; फक्त ‘खुन्यो’ आणि ‘खुल्यो’, म्हणजे जून आणि जुलै, यांतला ‘न’ आणि ‘ल’ टेलिफोनवर पुसट होतो, आणि सावध माणूस ‘सहावा महिना’ किंवा ‘सातवा महिना’ असा खुलासा मागतो. तारीख साध्या संख्येत सांगतात, क्रमवाचकात नाही: ‘एल सिंको दे मायो’, म्हणजे पाच मे. अपवाद पहिल्या तारखेचा, जिला लॅटिन अमेरिकेत ‘प्रिमेरो’ (पहिला) म्हणतात आणि स्पेनमध्ये ‘प्रिमेरो’ व ‘उनो’ दोन्ही चालतात. लिहिताना दिवस, महिना, वर्ष हाच क्रम असतो, त्यामुळे भारतीय वाचकाला तिथे अडखळण्याचे कारण नाही. सन मात्र पूर्ण संख्येने वाचतात. १९९८ हे ‘एकोणीसशे अठ्ठ्याण्णव’ या धर्तीवर शेकड्यांत न सांगता ‘मिल नोबेस्येन्तोस नोबेन्ता इ ओचो’, म्हणजे एक हजार नऊशे अठ्ठ्याण्णव असे म्हणतात.

आता हे सर्व एका प्रसंगात पाहावे. पुण्यातल्या एका कारखान्याच्या निर्यात विभागातली अधिकारी बार्सिलोनातल्या ग्राहकाच्या कचेरीत फोन करते, असे धरू. दिवस मंगळवार, १३ ऑक्टोबर २०२६. आदल्या दिवशी स्पेनचा राष्ट्रीय सण असल्याने कचेरी बंद होती. (मंगळवारी तेरा तारीख येणे स्पॅनिश लोकांत अशुभ मानले जाते, त्यामुळे आजचीच भेट कोणी सुचवली नाही तर नवल नाही.) पलीकडून विचारणा होते: ‘ले ब्येने ब्येन एल मार्तेस, देन्त्रो दे किन्से दीआस, आ लास क्वात्रो मेनोस क्वार्तो?’ म्हणजे ‘मंगळवारी, पंधरा दिवसांनी, पावणेचारला आपल्याला सोयीचे पडेल का?’ ‘ले’ हे आदरार्थी सर्वनाम आहे. बरोबरीच्या माणसाला ‘ते’ म्हटले असते, आणि पहिल्याच संभाषणात आपणहून ‘ते’वर उतरू नये, हे मराठी कानाला वेगळे सांगावे लागत नाही.

पुण्यातल्या अधिकाऱ्याने तेरामध्ये पंधरा मिळवले असते, तर २८ तारीख आली असती, आणि २८ ऑक्टोबर हा बुधवार आहे. वार आणि तारीख जुळत नाहीत, म्हणजे मोजणीत चूक आहे, हे तिथेच उघड होते. पंधरवड्याच्या हिशेबाने २७ येते आणि तो मंगळवारच आहे. वार आणि तारीख दोन्ही मागून घेण्याचा उपयोग हाच, की एक चुकले तर दुसरे ते पकडते. मग ती परत विचारते: ‘एन्तोन्सेस, एल मार्तेस बेइन्तिस्येते दे ओक्तुब्रे, आ लास किन्से क्वारेन्ता इ सिंको, ओरा पेनिन्सुलार?’ म्हणजे ‘तर मग मंगळवार, २७ ऑक्टोबर, पंधरा पंचेचाळीसला, मुख्यभूमीच्या वेळेप्रमाणे ना?’ शेवटचे दोन शब्द पाल्हाळ नाहीत. कानारी बेटांवर घड्याळ एक तास मागे असते, आणि स्पेनच्या रेडिओवर वेळ सांगताना त्याची आठवण तासातासाला करून दिली जाते. ग्राहकाचा एखादा सहकारी त्या बेटांवरून बैठकीत येणार असेल, तर तोही याच शब्दांवर भिस्त ठेवील. उत्तर येते, ‘एसो एस’, तेच ते.

राहिला भारतीय वेळेचा हिशेब. ज्या दिवशी हा फोन झाला त्या दिवशी स्पेन भारताच्या साडेतीन तास मागे होता, आणि त्या हिशेबाने पावणेचार म्हणजे पुण्यात सव्वासात. पण युरोपातली उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते, आणि २०२६ मध्ये तो रविवार २५ तारखेला येतो. त्या पहाटे स्पेनची घड्याळे एक तास मागे जातात, अंतर साडेचार तासांचे होते, आणि फोनवर जे ठरले त्यातला एकही शब्द न बदलता २७ तारखेची बैठक पुण्याच्या घड्याळात एक तास पुढे सरकते. म्हणून पुण्याच्या नोंदवहीत सव्वासात खोडून रात्री सव्वाआठ लिहिले जाते. अर्ध्या तासाच्या अंतरामुळे तिकडची पावणेची वेळ इकडे सव्वाची होते, आणि बैठक सुरू होईल तेव्हा पुण्यात दिवे लागून बराच वेळ झालेला असला, तरी पलीकडे जेवण नुकतेच आटोपलेले असेल आणि अभिवादनाला ‘ब्वेनास तार्देस’, म्हणजे शुभ दुपार, असेच म्हणावे लागेल.